भार, श्वास आणि ओटीपोटाचा तळ

विहिरीवर भरलेला हंडा उचलताना, जोराने खोकताना किंवा दोरीवरच्या उड्या मारताना काही स्त्रियांना थोडी लघवी होते. बाळंतपणानंतर अशी तक्रार अधिक आढळते. संकोचामुळे ती कोणाजवळ बोलली जात नाही आणि वयाचा परिणाम समजून सोडून दिली जाते. वस्तुतः पुष्कळदा तिचे मूळ ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या दुर्बलतेत असते, किंवा त्यांचा श्वासाशी असलेला मेळ बिघडण्यात असते.

हा मेळ समजण्यासाठी पोटाची पोकळी एखाद्या बंद डब्यासारखी कल्पावी. डब्याचे झाकण म्हणजे छातीखालचे श्वासपटल. पुढची व बाजूंची भिंत म्हणजे पोटातील सर्वांत आतला आडवा स्नायू. तो पट्ट्याप्रमाणे कमरेभोवती वेढलेला असतो. मागे पाठीच्या कण्यालगतचे खोल स्नायू असतात. तळाशी पुढच्या जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू असतात; मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना त्यांचाच आधार असतो. श्वास घेताना श्वासपटल खाली उतरते, पोट किंचित फुगते आणि तळही थोडा खाली जातो. श्वास सोडताना श्वासपटल वर सरकते व त्याबरोबर तळही वर उचलला जातो.

आता हंड्याचे उदाहरण घेऊ. पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो. त्यात भांड्याचे वजन निराळे. तो उचलताना पुष्कळ स्त्रिया खोल श्वास घेऊन तो रोखून धरतात व कुंथल्यासारखा जोर लावतात. झाकण खाली दाबलेले आणि भिंती आवळलेल्या, अशा स्थितीत पोकळीतील दाब एकाएकी वाढतो व त्याचा भार तळावर येतो. तळ सशक्त असेल तर तो दाब येण्याच्या क्षणभर आधीच आपोआप आवळला जातो. तो दुर्बल असला किंवा उशिरा आवळला गेला, तर मूत्रमार्ग पुरेसा मिटत नाही.

यावर उपाय क्रमाचा आहे. हंड्याच्या अगदी जवळ, पाय थोडे फाकवून उभे राहावे व कंबर आणि गुडघे वाकवून खाली व्हावे. श्वास घ्यावा. मग तोंडाने हळू श्वास सोडण्यास आरंभ करावा, त्याच वेळी लघवी व वायू रोखून धरल्याप्रमाणे तळ आत-वर ओढावा, आणि त्यानंतरच हंडा उचलावा. हंडा एका दमात डोक्यावर न नेता आधी कठड्यावर टेकवावा. तेथे पुन्हा श्वास घेऊन तोच क्रम करावा. चालताना श्वास मोकळा ठेवावा.

ओढ बरोबर आहे की नाही, हे पोटावर हात ठेवून पाहता येते. बेंबीखालचा भाग किंचित आत गेला तर ती बरोबर होय. पोट बाहेर फुगले, खाली दाब जाणवला, श्वास अडकला किंवा केवळ नितंब व मांड्याच आवळल्या, तर ती चुकली असे समजावे. मूत्रप्रवाह मध्येच थांबवून रोज सराव करणे मात्र योग्य नव्हे.

उडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाय जमिनीवर टेकताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट आघात क्षणार्धात होतो. प्रत्येक उडीला तळ जाणूनबुजून आवळणे शक्य नसते. ते काम त्याने आपोआपच करावयाचे असते. म्हणून आधी ताकद मिळवावी. दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठदा तळ आवळून सहा ते आठ सेकंद धरावा व तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावा. हा क्रम किमान तीन महिने चालवावा. त्यानंतर लहान उड्या, गुडघे लवचिक ठेवून हलकेच टेकणे आणि श्वास न रोखणे या क्रमाने पुढे जावे. लघवी होऊ लागताच उड्या कमी कराव्यात.

सैल सोडणेही आवळण्याइतकेच आवश्यक आहे. सतत ताठर राहणारा तळ वेळेवर काम करीत नाही आणि दुखतोही. तसेच श्वास रोखणे सर्वत्रच दोषास्पद नाही. फार मोठा भार उचलणारे भारोत्तोलक पाठीचा कणा स्थिर राहावा म्हणून तो हेतुतः रोखतात. परंतु ज्यांचा तळ दुर्बल आहे, त्यांनी रोजच्या कामात तसे करू नये.

अंग बाहेर येत असल्याचे जाणवणे, लघवीत रक्त दिसणे, किंवा तीन महिन्यांच्या सरावानंतरही फरक न पडणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हा त्रास होऊ शकतो व त्यांनाही हेच व्यायाम शिकविले जातात. ज्या गावी विहिरीजवळ कमरेइतक्या उंचीचा ओटा आहे, तेथे हंडा जमिनीवरून उचलावाच लागत नाही, आणि या दाबाचा सर्वांत कठीण टप्पा टळतो.