पिंपात दोनशे लिटर, जहाजात तीनशे

रत्नागिरीहून आंब्याचा पल्प परदेशी जातो तो बहुतेक दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपांतून. एका पिंपात साधारण २१५ किलो पल्प असतो. मोठी ऑर्डर असेल तर वीस फुटी कंटेनरमध्ये अशी ऐंशी पिंपं बसतात आणि भाडं अख्ख्या कंटेनरचं ठरतं, तिथे घनमीटरचा हिशेब कुणी विचारत नाही. नव्या गिऱ्हाइकाने आधी आठच पिंपं मागवली की माल ‘एलसीएल’ने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमधून जातो. मग भाडं सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर लागतं, आणि कोट मागणाऱ्या शिपरचा फोन ठरलेला असतो: “साहेब, आठ पिंपं आहेत, दोनशे लिटरची. एक पॉइंट सहा सीबीएमचा रेट द्या.”

गणित बिनचूक आहे. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, तेव्हा १,६०० लिटर म्हणजे १.६ घनमीटरच. पण लिटर सांगतो पिंपाच्या पोटात काय मावलं ते, आणि जहाजाचं भाडं लागतं पिंपाने बाहेर किती जागा अडवली त्याचं.

टेप लावून बघितलं तर पिंपाचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर आणि उंची ८८ भरते. मोजणारा पिंप गोल धरत नाही. त्याच्याभोवती बसेल असा चौकोनी ठोकळा धरतो, कारण गोलाच्या चार कोपऱ्यांत उरलेल्या जागेत दुसऱ्या कुणाचा माल सहसा बसत नाही. या कोपऱ्यांतच ठोकळ्याची एकवीस टक्क्यांहून जास्त जागा जाते. ०.५८ गुणिले ०.५८ गुणिले ०.८८ म्हणजे ०.२९६ घनमीटर. दोनशे लिटरच्या पिंपाने जवळजवळ तीनशे लिटरची जागा अडवली. आठांचे झाले २.३७.

एवढ्यावर थांबत नाही. सुटी पिंपं फोर्कलिफ्टने हलवणं जिकिरीचं, म्हणून चार-चार पिंपं एका पॅलेटवर बांधतात. पॅलेट १२० बाय १२० सेंटिमीटरचं, पंधरा सेंटिमीटर उंचीचं. पिंपासकट उंची १०३ झाली. एका पॅलेटचे १.४८ घनमीटर, दोन पॅलेटचे २.९७. न्हावा शेव्याजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे जिथे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरला जातो तिथे, माल उतरला की पुन्हा टेप लागतो. पट्टी बाहेर आलेली असली, फळी सरकलेली असली, तरी सगळ्यात बाहेरच्या टोकापासून मोजतात. बिल त्या मापावर होतं, फोनवर सांगितलेल्या मापावर नाही.

रेट समजा घनमीटरला दोन हजार रुपये आहे. शिपरने ३,२०० धरलेले असतात आणि बिल येतं ५,९३०च्या आसपास. त्याला वाटतं, फॉरवर्डरने आधी स्वस्त सांगून मागून चढवलं. खरं तर रेट एका पैशाने बदललेला नसतो.

आता वजन. कोटमध्ये रेटच्या पुढे बहुधा ‘डब्ल्यू/एम’ असं लिहिलेलं असतं: एक टन आणि एक घनमीटर सारखे मानायचे, जो आकडा मोठा त्यावर भाडं. पिंपासकट एक नग साधारण २३५ किलो धरला आणि पॅलेटचे चाळीस किलो मिळवले, तर एकूण १.९२ टन होतात. माप २.९७, म्हणजे जहाजात हा माल मापावर जाणार. गंमत अशी की हाच माल रत्नागिरीहून बंदरापर्यंत पार्ट लोडने गेला तर वजनावर जातो. बरेच ट्रान्सपोर्टवाले एका घनफुटाला, म्हणजे सीएफटीला, दहा किलो धरतात. दोन पॅलेटचे त्यांच्या हिशेबाने ११० सीएफटी होतात, म्हणजे ११०० किलो. खरं वजन त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा तेच लागू.

ट्रान्सपोर्टवाल्याच्या हिशेबात ११० सीएफटी कुठून आले, तेही बघायला हवं. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट असतात, म्हणजे २.९७ला १०५ यायला हवेत. वरचे पाच आले ते भागाकारातून. सेंटिमीटरची तिन्ही मापं गुणून २७,०००ने भागायची, हे सूत्र रस्त्यावरच्या मालवाहतुकीत सर्रास चालतं. त्यात एक फूट तीस सेंटिमीटरचा धरला आहे. खरा फूट ३०.४८चा, त्याचा घन २८,३१७. लांबीत दीड टक्क्याचा फरक तीनदा गुणला गेला की घनफळात जवळपास पाच टक्के होतो. पल्पच्या वेळी वजन वरचढ असल्यामुळे हा फरक कुणाला बोचत नाही. कुरमुऱ्यांसारख्या हलक्या मालाला तो बोचतो. चोवीस बाय अठरा बाय सोळा इंचांचा खोका घ्या. इंचांचा गुणाकार १,७२८ने भागला की नेमके चार घनफूट येतात, पन्नास खोक्यांचे दोनशे. तोच खोका सेंटिमीटरमध्ये मोजून प्रत्येक बाजू वरच्या पूर्णांकावर नेली, ६१, ४६, ४१ अशी, आणि २७,०००ने भागलं, तर एकाचे ४.२६ आणि पन्नासांचे २१३. दहा किलोच्या हिशेबाने बिलात १३० किलो वाढले. यात फसवणूक असेलच असं नाही. भाजक कोणता, हे करारात लिहिलेलं असतं किंवा विचारलं तर सांगतात, पण सहसा कुणी विचारत नाही.

याउलट जी चूक सगळ्यांना माहीत असते, ती फारसं नुकसान करत नाही. फुटाचे मीटर करताना ३.२८ने भागायची सवय असते, म्हणून कुणी २०० घनफुटांनाही ३.२८ने भागतो आणि ६१ घनमीटर लिहितो. खरे ५.६६. ६१ घनमीटर म्हणजे दोन वीस फुटी कंटेनर जवळजवळ भरले. हे वाचून समोरचा लगेच फोन करतो. मिलिमीटर आणि सेंटिमीटरची अदलाबदल हजार पटींनी चुकते, तीही अशीच उघडी पडते. पैसे जातात ते पाच टक्क्यांत आणि दीड-दोन पटींत, कारण तो आकडा खरा वाटतो.

तो पकडायचा उपाय एका भागाकाराचा आहे: किलो भागिले घनमीटर. शिपरच्या १.६ घनमीटरवर १,९२० किलो म्हणजे घनमीटरला १,२०० किलो. पल्प पाण्यापेक्षा थोडाच जड, घनमीटरला १,०६० किलोच्या आसपास. मधे पोकळ्या असलेला, लाकडी पॅलेटवर बांधलेला माल आतल्या पल्पपेक्षा घट्ट असणं शक्य नाही, तेव्हा हे माप बाहेरून घेतलेलं नाही हे टेप न लावता कळतं. २.९७ धरलं तर ६४७ येतात आणि पटतात. कुरमुऱ्यांचे पन्नास खोके समजा ४५० किलोंचे असले, तर ५.६६ला घनमीटरमागे ८० किलो येतात आणि ६१ला सात. मात्र २७,०००सारखा पाच टक्क्यांचा फरक या भागाकारात दिसत नाही. त्यासाठी कोट मागतानाच भाजक विचारावा, आणि ‘एकूण एवढे सीबीएम’ असं न सांगता पॅलेट बांधल्यानंतरची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये आणि नगांची संख्या द्यावी. मग गुणाकार दोघांनाही स्वतः करून ताडता येतो.