पाचवी रेषा आणि घडी घातलेला आलेख

घनपदार्थांच्या भौतिकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात दोन अणूंच्या साखळीचा आलेख असतो. खालची शाखा शून्यातून निघते, चढत जाते आणि उजव्या कडेला आडवी होते. वरची शाखा डाव्या कडेलाच सर्वांत उंच असते आणि उजवीकडे जाताना थोडी खाली उतरते. खालची अकूस्टिक, वरची ऑप्टिकल, आणि मधे रिकामा पट्टा. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना हे चित्र डोळे मिटून काढता येतं. पण वरची शाखा डावीकडे उंच का, असं विचारलं की बहुतेक जण समीकरणातल्या अधिक-उणे चिन्हाकडे बोट दाखवतात. ते उत्तर चूक नाही, पण त्यातून साखळीत काय चाललंय ते दिसत नाही. ते पाहायचं असेल तर प्रयोगशाळेतली इंडक्टर-कपॅसिटरची शिडी आणि एक सीआरओ पुरतो. हा प्रयोग मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे आणि दर वेळी तो पाहताना मला तितकाच आनंद होतो.

शिडीची रचना साधी आहे. एका ओळीत दहा इंडक्टर, प्रत्येकी १ मिलिहेन्री. त्यांच्या प्रत्येक जोडबिंदूपासून एक कपॅसिटर जमिनीला जोडलेला. किर्चहॉफचे नियम लावले की प्रत्येक बिंदूच्या व्होल्टेजचं समीकरण मिळतं आणि ते स्प्रिंगांनी जोडलेल्या अणूंच्या समीकरणाशी अक्षरशः जुळतं. व्होल्टेज म्हणजे अणूचं विस्थापन, कपॅसिटन्स म्हणजे वस्तुमान आणि इंडक्टन्सचा व्यस्त म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा. सगळे कपॅसिटर सारखे, ०.०४७ मायक्रोफॅरडचे ठेवले तर ती एका अणूची साखळी होते. एक सोडून एक कपॅसिटरला ०.१ मायक्रोफॅरडचा दुसरा समांतर जोडला की त्या जागी ०.१४७ होतात. आता साखळीत एक हलका, एक जड असे अणू आले. त्यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर ३.१३.

मोजणी अशी. जनरेटरमधून साइन तरंग शिडीच्या एका टोकाला द्यायचा. पहिल्या बिंदूचं व्होल्टेज सीआरओच्या आडव्या प्लेटांना आणि दहा खणांपलीकडच्या बिंदूचं उभ्या प्लेटांना. पडद्यावर लिसाजूची लंबवर्तुळं दिसतात. वारंवारता हळूहळू वाढवत गेलं की लंबवर्तुळ फुगतं, मिटतं आणि मधूनमधून सरळ रेषा होते. सरळ रेषा म्हणजे दोन टोकांमधला फेजफरक १८० अंशांच्या पटीत आहे. पहिली रेषा १८० अंशांची, ती डावीकडे झुकलेली. दुसरी ३६० ची, उजवीकडे झुकलेली. तिसरी पुन्हा डावीकडे. दहा खणांत १८० अंश, म्हणजे दर खणाला १८. त्यामुळे रेषेचा क्रमांक गुणिले १८ हा सरळ आपला आडवा अक्ष होतो आणि त्या रेषेची वारंवारता हा उभा. यापलीकडे कसलीच आकडेमोड नाही. वक्र अक्षरशः रेषा मोजत वाचायचा असतो.

या शिडीवर पहिली रेषा ५.० किलोहर्ट्झला येते, दुसरी ९.८ ला, तिसरी १४.१ ला. इथवर अंतरं जवळपास सारखी आहेत. साखळी लांब तरंगांना एकसंध तारेसारखी भासते, आवाज जसा धातूच्या कांबीतून जातो तसा तरंग जातो. अकूस्टिक हे नाव या सरळ भागामुळे पडलं. चौथी रेषा मात्र १७.३ ला आणि पाचवी १८.६ ला. रेषा दाटीवाटीने येऊ लागतात, वक्र आडवा होतो. इथे हात हळू फिरवावा लागतो.

मग पाचवी रेषा. ती दिसते आणि वारंवारता आणखी वाढवली की फुगत नाही, तर निजते. तिचं झुकणं डावीकडेच राहतं, टोकाला जोडलेल्या रोधामुळे ती किंचित जाडावते, पण उंची झपाट्याने घटते आणि पडद्यावर जवळपास आडवी रेघ उरते. २५ किलोहर्ट्झला दहा खणांपलीकडे पोचणारं व्होल्टेज सुमारे अडीचशेव्या भागावर येतं. हाच तो रिकामा पट्टा. इथे शेजारच्या खणांमधला फेजफरक ९० अंशांवर अडकून बसतो आणि वारंवारता वाढवूनही पुढे सरकत नाही, फक्त तरंग आत शिरताशिरता विझतो. ३२.८ किलोहर्ट्झच्या आसपास तीच रेषा, तशीच डावीकडे झुकलेली, पुन्हा उभी राहते. मग सहावी ३३.५ ला, सातवी ३५.० ला, आठवी ३६.४ ला, नववी ३७.४ ला. दहावी ३७.७ ला यायला हवी, पण तिथेच साखळीची हद्द संपते आणि ती जेमतेम पकडता येते.

आता हे सगळे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडले की एकच चढता वक्र दिसतो, शून्यापासून १८० अंशांपर्यंत, फक्त ९० अंशांवर तुटलेला. पुस्तकातलं चित्र यात कुठेच नाही. विद्यार्थी इथे गोंधळतात आणि तो गोंधळ मला मोलाचा वाटतो. मी त्यांना कागद ९० अंशांच्या रेघेवर दुमडायला सांगतो. उजवा अर्धा डाव्यावर पडतो, १८० अंशांची कडा शून्यावर येते आणि वरची शाखा डावीकडे उंच झालेली दिसते.

ही घडी मनमानीची नाही. साखळीचा खरा पुनरावृत्त होणारा घटक एक खण नसून दोन खणांची जोडी आहे, एक हलका आणि एक जड. दर खणाला १८० अंश म्हणजे जोडीमागे ३६०, आणि ३६० अंशांचा फेजफरक म्हणजे काहीच फरक नाही. प्रोब एक सोडून एक बिंदूवर ठेवत गेलं की हे उघड दिसतं. ३७.७ किलोहर्ट्झजवळ सगळे हलके बिंदू एकाच वेळी वर जातात आणि त्याच वेळी सगळे जड बिंदू खाली. जोडीच्या हिशेबात ही अनंत लांबीची लाट आहे, म्हणून तिची जागा डाव्या कडेला. स्फटिकात हे दोन अणू विरुद्ध भाराचे आयन असतात. लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचं विद्युतक्षेत्र एकाला वर, दुसऱ्याला खाली खेचतं, म्हणून प्रकाश नेमका या कंपनाला धरतो. मिठाच्या स्फटिकात हे कंपन ५ टेराहर्ट्झच्या जवळपास आहे. ऑप्टिकल हे नाव तिथून आलं.

घडीवरच्या दोन बिंदूंपाशी आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. १८.६ ला शिडीच्या मधल्या बिंदूंवर प्रोब फिरवला तर जड बिंदू डोलत असतात आणि हलके जवळपास शांत. ३२.८ ला नेमकं उलट. दोन्हीकडे लाटेची लांबी तीच, पण एका वेळी एकच प्रकारचा अणू काम करतो, म्हणून वारंवारता त्या अणूच्या वस्तुमानावर ठरते. ३२.८ ला १८.६ ने भागून वर्ग केला तर ३.१ येतो, म्हणजे कपॅसिटरांचं गुणोत्तर. वस्तुमानं सारखी असती तर हे दोन बिंदू एकाच जागी आले असते आणि पट्टा उरला नसता.

चुका बहुतेक चौथ्या रेषेशी होतात. ती पाचवीच्या इतकी जवळ असते की हात जरा वेगाने फिरला तर निसटते. मग पाचवीला चौथी म्हटलं जातं आणि पुढची सगळी मोजणी एकाने घसरते. ओळखायची खूण पडद्यावरच असते. लागोपाठच्या रेषा आळीपाळीने झुकायला हव्यात, दोन सलग डावीकडे झुकल्या तर मधली गेली. पडद्यावर लक्ष गेलं नाही तरी वहीत पकडता येतं, कारण घडी घातल्यावर एकावर एक पडणाऱ्या दोन वारंवारतांच्या वर्गांची बेरीज प्रत्येक जागी तीच असते. आपल्या शिडीत ती १४२२ च्या आसपास येते, पहिली आणि नववी घ्या किंवा तिसरी आणि सातवी. मोजणी एकाने घसरली असेल तर त्याच बेरजा १४४७, १४९४, १५२४ अशा चढत जातात. कुठे चुकलं ते सांगायला मग कोणी लागत नाही.

दुसरी अडचण टोकाची आहे. शिडीच्या शेवटी योग्य रोध नसेल तर तरंग परत फिरतो, आणि वारंवारता बदलताना व्होल्टेज लाटांसारखं कमी-जास्त होतं. लांब लाटांसाठी सुमारे १०० ओहम पुरतात. पट्ट्याच्या कडांजवळ शिडीचा स्वतःचा रोधच शून्याकडे किंवा अनंताकडे पळतो, त्यामुळे एकच रोध सगळीकडे जुळणं शक्य नाही. म्हणून पाचव्या रेषेची जागा आम्ही दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ येत ठरवतो, आणि तिच्या आकड्यावर बाकीच्यांइतका विश्वास ठेवत नाही.

स्फटिकात प्रोब ठेवता येत नाही. तिथे न्यूट्रॉन लागतात, कारण त्यांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढी आणि ऊर्जा फोनॉनच्या ऊर्जेएवढी असू शकते. न्यूट्रॉनने किती ऊर्जा आणि किती संवेग गमावला हे मोजलं की वक्रावरचा एक बिंदू मिळतो. कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी ही पद्धत घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर काम करून पी. के. अय्यंगार ट्रॉम्ब्याला परतले आणि इथे हे काम उभं राहिलं. दोघांनी १९५८ मध्ये जर्मेनियमचे वक्र प्रसिद्ध केले. जर्मेनियममध्ये सगळे अणू एकाच वस्तुमानाचे, तरीही ऑप्टिकल शाखा आहे, ९ टेराहर्ट्झच्या जवळपास. तिथे अणू एकसारखे असले तरी शेजारच्या दोन अणूंचे बंध वेगळ्या दिशांनी पसरलेले असतात, म्हणून पुनरावृत्त होणारा घटक दोघांचाच राहतो. मात्र भार विरुद्ध नसल्याने अवरक्त प्रकाश या कंपनाला मिठासारखा धरत नाही.

वस्तुमानं सारखी ठेवून दुसरी शाखा मिळवणं शिडीवरही जमतं. कपॅसिटर सगळे ०.०४७ चे ठेवायचे आणि इंडक्टर आळीपाळीने बदलायचे, म्हणजे एक स्प्रिंग ताठ, एक ढिली. पाचवी रेषा पुन्हा निजते आणि पुढे पुन्हा उठते. पण या वेळी कडांवर कोणताच बिंदू शांत नसतो. सगळे सारख्याच उंचीने डोलतात. खालच्या कडेला फक्त ढिल्या स्प्रिंगा ताणल्या जातात, वरच्या कडेला फक्त ताठ, आणि दोन वारंवारतांच्या वर्गांचं गुणोत्तर आता स्प्रिंगांचं असतं.