शिक्का खरा, पण मारलेला नव्हे

गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीला वार्षिक सभेची नोटीस शेकडो सभासदांना ईमेलने पाठवायची असते. दरवेळी छापा, शिक्का मारा, पुन्हा स्कॅन करा, यापेक्षा संस्थेचा गोल शिक्का एकदाच संगणकात घेऊन ठेवणे सोयीचे. अनेक जण जुन्या पत्राच्या स्कॅनमधून तो चौकोनात कापतात आणि नव्या पानावर ठेवतात. मग शिक्क्याभोवती मळकट चौकोन दिसतो, खालचा मजकूरही झाकला जातो.

डोळ्यांना पांढराशुभ्र वाटणारा कागद स्कॅनमध्ये किंचित पिवळट किंवा करडा उतरतो आणि कापताना शिक्क्यासोबत तोही येतो. त्यात जुन्या पत्रावर सही बहुधा शिक्क्यावरूनच गेलेली असते. निळी सही आणि जांभळी शाई एकमेकांत मिसळली की दोन्ही वेगळ्या करणे जवळपास अशक्य. म्हणून कमिटीच्या संमतीने कोऱ्या कागदावर ताजा शिक्का मारून तो ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करावा. ३५ मिलिमीटरचा शिक्का मग सुमारे ८३० पिक्सेल रुंद मिळतो. गिम्पमध्ये `Color to Alpha` वापरून कागदाचा रंग काढला की उरते फक्त शाई. शाई फिकट असेल तिथे खालची अक्षरे दिसत राहतात. फाइल पीएनजीमध्ये ठेवावी, कारण जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.

असा शिक्का ओळखता येतो.

हाताने मारलेले दोन शिक्के कधीच तंतोतंत सारखे नसतात. कधी डावी कड जास्त दाबली जाते, कधी पॅड सुकलेले असते, कधी शिक्का थोडा तिरका बसतो. मार्च आणि जूनच्या दोन पत्रांवर ‘मर्यादित’मधला ‘द’ एकाच जागी तुटलेला आणि कलही तोच असेल, तर दोन्हीकडे एकच चित्र वापरले आहे. पीडीएफ मोठी करून पाहिली तर अक्षरे रेखीव राहतात, शिक्क्याच्या कडांवर मात्र ठिपके दिसू लागतात. छापील प्रतीत ही खूण मिळत नाही. तिथे जुन्या पत्राशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो.

एकसारखा शिक्का म्हणजे लबाडीच, असे मात्र नाही. प्रश्न अधिकाराचा आहे. दुसऱ्या कार्यालयाचा शिक्का उचलून फसवणुकीसाठी खोटा दाखला बनवणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे बनावटगिरी ठरते आणि त्यात इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजही येतात.

सभेच्या नोटिशीला असे चित्र चालून जाते. ना हरकत दाखल्यासारख्या कागदाला डिजिटल स्वाक्षरी हवी, कारण ती फाइलच्या मजकुराशी बांधलेली असते. सहीनंतर एक आकडा बदलला तरी तपासणीत ते उघड होते. तशी सोय नसेल, तर दाखला घेणाऱ्याने त्यावरचा जावक क्रमांक पाहावा आणि संस्थेच्या नेहमीच्या फोनवर विचारून जावक नोंदवहीतील तारखेशी व नावाशी पडताळावा.