वाळूवर चालतं, डांबरावर अडतं

समजा, पर्यटकांना फिरवणारं एक तट्टू आरे-वारेच्या किनाऱ्यावरून चाललंय. वाळूत चाल ठीकठाक. मग मालक त्याला सुरूच्या बनातून वर डांबरी रस्त्यावर आणतो आणि तेच तट्टू पाऊल टाकताना कचरतं. वळवलं तर पुढचे पाय उचलायला तयार नाही. उभं राहतं तेही पुढचे पाय लांब टाकून, भार मागे रेलून. वाळूत असं काय आहे, जे डांबरात नाही?

उत्तर खुराच्या आत आहे. खूर ही शिंगासारख्या पदार्थाची पोकळ डबी. तिच्यात पाचरीसारखं एक हाड असतं. तुम्हाला वाटेल, ते तळव्यावर टेकलेलं असेल. तसं नाही! ते मुख्यतः खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. पावसाळ्यातली अळंबी उलटी करून पाहिलीत ना? तिच्या खालच्या पात्यांसारखी पाती भिंतीच्या आतल्या बाजूला असतात. तशीच हाडावरच्या जिवंत पडद्यालाही, आणि ती एकमेकांत घट्ट गुंतलेली. घोड्याच्या एका खुरात अशी साधारण 550 ते 600 पाती, आणि प्रत्येकावर आणखी दीडशे-दोनशे बारीक पाती. सगळी उलगडली तर एका खुरात पाऊण चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो. अडीचशे किलोचं तट्टू या विणीवर लटकत चालतं!

ही वीण सैल पडते, तो रोग म्हणजे लॅमिनायटिस. पकड सुटली की वरून वजन दाबतं आणि मागून जाड कंडरा हाडाला ओढते. हाडाचं टोक खाली झुकतं, तळव्याकडे. आता वाळूचं कोडं सुटतं. वाळू तळव्यात भरते आणि त्याला खालून आधार देते. डांबरावर भार पुन्हा भिंतीवर, म्हणजे फाटत्या विणीवर येतो. म्हणूनच किनाऱ्यावर हा रोग लपून राहू शकतो.

हाड किती झुकलं, हे एक्स-रे सांगतो. पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवतात, म्हणजे किरण खुराच्या पातळीतून आडवे जातात. भिंतीवर पुढून एक तार चिकटवतात, कारण भिंतीची कड फोटोत फिकट दिसते. निरोगी खुरात तार आणि हाडाची पुढची कड समांतर असतात. आपल्या तट्टाच्या खुराची भिंत जमिनीशी 50 अंशांचा कोन करते आणि हाड 58 अंशांचा, असं धरू. म्हणजे हाड 8 अंश फिरलं. वरच्या टोकाशी दोघांत 15 मिलिमीटर अंतर, खाली मात्र 21. भिंत आणि हाड खालच्या बाजूला फाकत गेलेत. पण सावध! पहिल्या काही दिवसांत तट्टू वेदनेने थरथरत असतं आणि एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. हाड सरकायला वेळ लागतो. म्हणून तो पहिला फोटो नंतरच्या तुलनेसाठी जपून ठेवायचा.

पण वीण सुटते कशाने? इथे खरा धक्का आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात पाच निरोगी तट्टांच्या रक्तात सतत इन्सुलिन सोडलं आणि सोबत ग्लुकोज देऊन साखर नेहमीच्या पातळीवर ठेवली. 72 तासांच्या आत पाचही तट्टांना लॅमिनायटिस झाला! साखर वाढलेली नव्हती, वाढलं होतं ते फक्त इन्सुलिन. आपल्याकडे मधुमेह घराघरांत आहे, त्यामुळे इन्सुलिन म्हटलं की आपल्याला साखरच आठवते. तट्टाचं स्वादुपिंड मात्र सहसा थकत नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईना की ते आणखी ओतत राहतं. साखर आटोक्यात राहते आणि किंमत खूर मोजतात.

असं शरीर ओळखू येतं. मानेच्या वरच्या कडेला चरबीचा कडक उंचवटा, शेपटीच्या मुळाशी गादी. पंधरा वर्षांपुढच्या तट्टाच्या अंगावर लांब, न गळणारे केस दिसले, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा बिघाड असू शकतो. त्याला पर्गोलाइडच्या गोळ्या देतात. हडकुळं तट्टूही सुटत नाही. एकदाच धान्यावर ताव मारला तरी दुसऱ्या वाटेने हाच रोग होतो.

इलाज संथ आहे. गूळ आणि धान्य बंद करतात. सुकं गवत पाण्यात भिजवून त्यातली साखर काढतात आणि अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण पावणेचार किलो मोजून देतात. उपाशी मात्र ठेवायचं नाही. उपासाने रक्तात चरबी उतरते आणि लठ्ठ तट्टू त्यानेही दगावतं. नालबंद खुराचं लांब टोक कापतो. झुकलेलं हाड मागे फिरत नाही. वरून उगवणारी नवी भिंतच त्याला समांतर उतरते, महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर. टोकापर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष.

गणपतीपुळ्याला तट्टावर बसलात, तर त्याला गूळ-बिस्किटं भरवू नका. आणि डांबरावर आल्यावर ते कचरलं, तर तिथेच उतरा आणि मालकाला सांगा.