शनिवारची डिस्क घरी जाते

चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर एका करसल्लागाराचं ऑफिस आहे असं समजू. पाच-सहा माणसं, तेवढेच संगणक आणि एका कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक सर्व्हर. त्यावर टॅलीची खाती, विवरणपत्रं आणि गिऱ्हाइकांच्या बिलांचे स्कॅन, सगळं मिळून १८० जीबी. मंगळवारी, १० जून २०२५ रोजी नव्यानेच लागलेल्या मुलाने जागा रिकामी करायला म्हणून दुबार दिसणारे फोल्डर उडवले. त्यातला एक दुबार नव्हता. एका काजू व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या खरेदीची बिलं त्यात होती. दुसऱ्या संगणकावरून, नेटवर्कमधून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. कुणाला पत्ता लागला नाही. ३ जुलैला व्यापाऱ्याचा फोन आला, की खात्याची नोटीस आली आहे, मागच्या वर्षीची खरेदीची बिलं काढून ठेवा. तेव्हा कुठे फोल्डर शोधायला सुरुवात झाली.

या ऑफिसात रोज संध्याकाळी बॅकअप होतो, तो एका दिवसासाठीही चुकला नव्हता. तरीही केवळ रोजचा बॅकअप इथे कामाचा नाही, कारण तो इमानदारीने चूकसुद्धा उतरवून घेतो. फोल्डर नाहीसा होऊन तेवीस दिवस झाले होते. आदल्या रात्रीच्या प्रतीत तो असणार कसा?

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मोठ्या कंपन्यांचे हिशेब जेव्हा चुंबकीय टेपवर असत, तेव्हा कालची मुख्य टेप आणि आजचे व्यवहार एकत्र चालवून आजची नवी मुख्य टेप तयार व्हायची. नवी टेप हा मुलगा, कालची बाप, परवाची आजोबा. मुलगा बिघडला तर बाप आणि व्यवहारांची नोंद यांच्यावरून तो पुन्हा घडवता यायचा. बापातच खोट निघाली, तर आजोबांपासून सुरुवात. टेपा गेल्या, नाव राहिलं. आज ‘ग्रँडफादर-फादर-सन’ म्हणजे रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवून त्या ठरलेल्या क्रमाने फिरवणं.

आपल्या ऑफिसला बारा डिस्क लागतात. सोमवार ते शुक्रवार अशा पाच डिस्क, हे मुलगे. सोमवारच्या डिस्कवर दर सोमवारी लिहिलं जातं, म्हणजे तिच्यावरची जुनी प्रत आठवड्याने पुसली जाते. शनिवारी बापाची पाळी. महिन्याचा पहिला शनिवार बाप-१, दुसरा बाप-२, असे चार बाप. महिन्याचा शेवटचा शनिवार मात्र आजोबांचा, मग तो चौथा असो की पाचवा. त्यामुळे बाप-४ पाच शनिवारांच्या महिन्यातच उठतो, एरवी कपाटात पडून असतो. त्याला खर्चात काढू नये, जुनी प्रत असणं हेच त्याचं काम. आजोबा तीन, ते दर तीन महिन्यांनी फिरतात.

आता काजूवाल्याचं फोल्डर शोधू. १० जूनच्या संध्याकाळी मंगळवारच्या डिस्कवरून ते गेलं, पुढच्या तीन दिवसांत बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या डिस्कवरून गेलं. सोमवारच्या डिस्कवर ९ जूनची प्रत होती, तीही १६ जूनच्या संध्याकाळी पुसली गेली. म्हणजे सहा दिवसांत पाचही मुलगे निकामी. बाप-२ वर १४ जूनची प्रत, बाप-३ वर २१ जूनची. दोन्हीत फोल्डर नाही. पण बाप-१ वर ७ जूनची प्रत आहे आणि त्यात ते शाबूत आहे. सोमवारी, ९ तारखेला, आणि मंगळवारी उडवण्याआधी जे काही स्कॅन केलं असेल, तेवढं कागदांवरून पुन्हा करावं लागेल.

यात नशिबाचाही वाटा होता. ५ जुलैला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, पहिला शनिवार येत होता आणि बाप-१ पुन्हा लिहिला जाणार होता. फोन पुढच्या आठवड्यात आला असता, तर बापांच्या रांगेत फक्त बाप-४ उरला असता, मेच्या पाच शनिवारांमुळे २४ मेला लिहिलेला. त्याहून ताजी प्रत ३१ मेच्या आजोबांकडे होती. ती ३० ऑगस्टपर्यंत हातात राहते, कारण त्या डिस्कची पाळी त्या दिवशी परत येते. जितकं मागे जावं, तितक्या प्रती विरळ होतात आणि पुन्हा करायचं काम वाढतं. ही या पद्धतीतली सरळ तडजोड आहे. रोजची प्रत वर्षभर साठवायला शेकडो डिस्क लागतील. बारा डिस्कमध्ये अलीकडच्या आठवड्याचा दिवसादिवसाचा हिशेब, महिन्याचा आठवड्यांचा आणि त्यामागचा महिन्यांचा हिशेब बसतो.

संध्याकाळचं काम फार नसतं. सगळ्यांनी टॅली बंद करायची, कारण उघड्या फाइलची प्रत एकतर होत नाही किंवा अर्धवट होते. मग त्या दिवसाची डिस्क लावायची आणि विंडोजमध्येच असलेली ही आज्ञा चालवायची:

```
robocopy D:\OfficeData E:\Backup /MIR /R:2 /W:5 /LOG:E:\backup.log
```

यातला `/MIR` हा दुधारी भाग आहे. मूळ जागी जे आहे ते तो डिस्कवर आणतो आणि मूळ जागी जे नाही ते डिस्कवरून पुसतो. बारा वेगळ्या डिस्क असतील तर हे सोयीचं, कारण बदललेल्या फाइल तेवढ्याच उतरतात. एकाच डिस्कवर रोज हे चालवणारा माणूस मात्र बॅकअप घेतोय या समाधानात आपली चूक रोज गिरवत असतो. काम संपल्यावर `backup.log` उघडून शेवटचा तक्ता पाहायचा. `FAILED` या रकान्यात शून्य नसेल, तर आजचा बॅकअप झालेला नाही असंच धरायचं. मग डिस्क काढायची. ही शेवटची पायरीच सगळ्यात जास्त वेळा राहते.

जोडलेली डिस्क धोक्याची का, हे २७ जून २०१७ ला जगाने पाहिलं. नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं जाळं काही तासांत झोपवलं. न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. नेटवर्कवर कोण कोण आहे याची नोंद ठेवणारे सर्व्हर मर्स्ककडे दीडशेच्या आसपास होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत. म्हणूनच सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर पडला होता. इंटरनेटवरून त्याची प्रत पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून ती माणसाकरवी विमानाने इंग्लंडला नेली. शेकडो तंत्रज्ञ असलेल्या कंपनीला तारलं ते लोडशेडिंगने. लहान ऑफिसला तेच संरक्षण डिस्कची वायर काढून मिळतं.

आता प्रश्न डिस्क ठेवायच्या कुठे, आणि चिपळूणमध्ये हा प्रश्न सोपा नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. बाराच्या बारा डिस्क ऑफिसच्या कपाटात असत्या, तर सर्व्हरबरोबर त्याही पाण्यात गेल्या असत्या, आजोबा-नातवंडांसकट. म्हणून एक संच बाहेर. आजोबांच्या तिन्ही डिस्क बाहेरच राहतात, पण तेवढ्याने भागत नाही. पूर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला तर जवळजवळ महिन्याचं काम बुडेल. यावर उपाय म्हणजे शनिवारी लिहिलेली डिस्क, बाप असो वा आजोबा, त्याच संध्याकाळी मालकांबरोबर घरी जाते आणि आधीच्या शनिवारचा बाप सोमवारी ऑफिसात परत येतो. नवी डिस्क बाहेर पडल्याशिवाय जुनी आत आणायची नाही. मग आग लागो की पाणी शिरो, जास्तीत जास्त आठवड्याचं काम जाईल.

आजोबांसाठी बँकेचा लॉकर चालतो, पण दोन गोष्टी पाहून. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि महिन्याचा शेवटचा शनिवार बहुधा चौथाच असतो. म्हणून ती डिस्क आधी घरी आणि सोमवारी लॉकरमध्ये. दुसरी गोष्ट लॉकरच्या जागेची. तो त्याच बाजारात, त्याच पूररेषेत असेल तर त्याला बाहेरचा म्हणता येत नाही. बँकेच्या हलगर्जीने आग वा चोरी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई मिळते, पूर-भूकंपासारख्या आपत्तीला मात्र बँक जबाबदार नसते. मालकांचं घर उंचावर आणि एखादा नातेवाईक रत्नागिरीला असेल, तर आजोबांना तिकडे पाठवलेलं अधिक बरं.

बाहेर जाणाऱ्या डिस्कवर शेकडो लोकांचे पॅन आणि आधार क्रमांक असतात. ती रिक्षात विसरली तर? त्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीतला बिटलॉकर लावून डिस्क कुलूपबंद करावी. त्यात ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. पुष्कळ जण ती सर्व्हरवरच एका फाइलमध्ये ठेवतात. सर्व्हर बुडाल्यावर मग डिस्क हातात असते आणि उघडत नाही. की कागदावर छापून घरी, डिस्कपासून वेगळी ठेवायची.

या व्यवस्थेचं कमकुवत अंग माणूस आहे. डिस्क बदलणारी व्यक्ती आठवडाभर गावी गेली की सोमवारचीच डिस्क शुक्रवारपर्यंत लागलेली राहते. म्हणून एक साधं रजिस्टर असावं, त्यात तारीख, डिस्कचं नाव, एकूण आकार, फाइलींची संख्या आणि सही. सगळं ठीक असेल तर आकार रोज थोडा बदलतो. चार दिवस हुबेहूब तोच आकडा असेल, तर चुकीचं फोल्डर उतरतंय किंवा काहीच उतरत नाही. आकडा अचानक बराच घटला तर कुणीतरी काही उडवलंय. १० जूनच्या संध्याकाळी कुणी या रकान्याकडे पाहिलं असतं, तर काजूवाल्याचं फोल्डर दुसऱ्याच दिवशी सोमवारच्या डिस्कवरून परत आलं असतं.

रजिस्टरमध्ये शनिवारी आणखी एक आकडा लिहावा, दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांच्या तेरीज पत्रकाची बेरीज. तीन महिन्यांतून एकदा आजोबांची एक डिस्क सर्व्हर सोडून दुसऱ्या संगणकाला लावायची, त्यावरची खाती तिथे उतरवून टॅलीत उघडायची आणि बेरीज जुळते का पाहायची. फाइलींची नावं दिसली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

तीन आजोबांची पोहोच तीन महिन्यांची. जीएसटीच्या नोंदी मात्र वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. त्यासाठी दर आर्थिक वर्षाची एक वेगळी डिस्क लागते, जी फेऱ्यात येत नाही आणि पुन्हा कधी लिहिली जात नाही. ती ३१ मार्चच्या रात्री काढण्यात अर्थ नाही. वर्षअखेरच्या नोंदी, घसारा, लेखापरीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या पुढचे काही महिने त्याच खात्यांत पडत राहतात. ऑडिट पुरं होऊन विवरणपत्रं भरली गेली की मगच ती प्रत घ्यायची, वर्ष लिहायचं आणि ती डिस्क आजोबांच्या शेजारी, पुरापासून लांब ठेवून द्यायची.