एक पत्ता, तिघे कारकून

महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाचा एकच ईमेल पत्ता आहे आणि तो तिघे कारकून सांभाळतात. एका विद्यार्थिनीने फी परताव्याबद्दल विचारलं, तर पुढे काय होईल?

पत्ता वितरण यादीचा असेल, तर यादीला स्वतःची पेटी नसते. मेलची एकेक प्रत तिघांच्या खाजगी पेटीत पडते. उत्तर ज्याच्या त्याच्या नावाने जातं, आणि ‘सर्वांना उत्तर’ न निवडल्यास बाकी दोघांना ते कळतही नाही. मग तिला कधी दोन वेगळी उत्तरं मिळतात, कधी एकही नाही. पुढच्या महिन्यात रुजू होणाऱ्याला जुना पत्रव्यवहार दिसत नाही.

उपनाव म्हणजे आधीच्याच पेटीचं किंवा यादीचं दुसरं नाव. त्याला वेगळा पासवर्ड नसतो; मेल मूळ ठिकाणीच पोहोचतो. उत्तर मात्र बहुधा मूळ पत्त्यावरूनच जातं.

अशा कामाला माझ्या मते सामायिक पेटीच हवी. मेल एकदाच येतो, एकाने वाचला की तिघांनाही वाचलेला दिसतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये पेटी उघडण्याची आणि तिच्या नावाने पाठवण्याची परवानगी (Send As) वेगवेगळी द्यावी लागते. एक सेटिंग हमखास राहून जातं: पाठवलेलं उत्तर पेटीत न राहता कारकुनाच्या स्वतःच्या Sent Items मध्ये जातं. पेटीतही प्रत ठेवण्याचा पर्याय अॅडमिनने चालू करावा. कुणी बदलून गेलं की फक्त त्याची परवानगी काढायची, पत्रव्यवहार जागेवर राहतो.