एकलहऱ्यातील फ्रँचायझी : परतफेडीचे गणित

आयुर्वेदीय औषधकंपन्यांचे प्रतिनिधी सध्या तयार दुकानाची योजना घेऊन वैद्यांकडे येतात. मोठ्या शहरांत जागा महाग झाल्याने त्यांची दृष्टी एकलहऱ्यासारख्या गावांकडे वळते. औष्णिक वीज केंद्राची वसाहत, नियमित पगारदार कुटुंबे आणि जवळच नाशिकरोडची बाजारपेठ हे चित्र कागदावर मोहक दिसते. अशा योजनेचे एक नमुन्यादाखल गणित येथे मांडतो. आकडे गृहीत आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्यापुढील प्रस्तावातील आकडे घालावेत.

समजा, कंपनी म्हणते : फ्रँचायझी शुल्क करासह दोन लाख, सजावट व फर्निचर तीन लाख, आरंभीचा माल चार लाख आणि गाळ्याची अनामत एक लाख, म्हणजे एकूण दहा लाख रुपये. छापील किमतीवर तीस टक्के नफा. मासिक विक्री अडीच लाख धरल्यास पंचाहत्तर हजार हाती येतात. भाडे, मदतनीसाचा पगार व वीज यांचे पंचवीस हजार वजा जाता पन्नास हजार उरतात, म्हणून वीस महिन्यांत भांडवल परत. हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक नाही. चूक आहे ती तीस टक्क्यांत.

हे तीस टक्के आपल्या हाती पूर्ण येत नाहीत. वसाहतीतील ग्राहक नाशिकरोडची सवलत ओळखून असतो. शिवाय आयुर्वेदीय औषधे विकण्यास किरकोळ परवाना लागत नसल्याने तेच च्यवनप्राश शेजारच्या किराणा दुकानातही मिळते. तेव्हा दहा टक्के सूट द्यावीच लागते. कंपनीची रॉयल्टी करासह चार टक्के, मुदतबाह्य व फुटलेल्या मालाचे दोन टक्के. राहिले चौदा. अडीच लाखांवर हे पस्तीस हजार होतात. खर्च वजा जाता शिल्लक दहा हजार. परतफेडीस शंभर महिने, आणि करार मात्र साठ महिन्यांचा! हेच दहा लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर महिन्याला सुमारे पाच हजार आठशे रुपये घरबसल्या मिळाले असते. वैद्याच्या स्वतःच्या वेळेचे मोल तर यात धरलेलेच नाही.

म्हणून गणित उलट बाजूने करावे. केवळ खर्च भागण्यासाठी पंचवीस हजारांना चौदा टक्क्यांनी भागले की मासिक विक्री सुमारे एक लाख एकोणऐंशी हजार लागते. सव्वीस दिवस दुकान उघडे आणि प्रत्येक ग्राहक तीनशे रुपयांचा, असे धरल्यास रोज तेवीस ग्राहक. तीन वर्षांत भांडवल परत हवे असेल, तर विक्री पावणेचार लाखांहून थोडी अधिक आणि ग्राहक रोज सुमारे अठ्ठेचाळीस. आता आपल्या दवाखान्याची नोंदवही काढावी व रोज किती रुग्ण येतात ते पाहावे. आमच्या मते हा एकच आकडा प्रतिनिधीच्या रंगीत पुस्तिकेपेक्षा अधिक बोलका असतो.

प्रतिनिधी इतर शाखांच्या विक्रीचे आकडे दाखवितो, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारावा : ही विक्री रुग्णाला झालेली, की कंपनीने शाखेच्या नावे पाठविलेल्या मालाची? पुष्कळदा ती दुसऱ्या प्रकारची असते. माल शाखेच्या कपाटातच पडलेला असतो. दोन वर्षे चाललेल्या शाखेत स्वतः जाऊन पाठीमागच्या ओळीतील चूर्णांच्या डब्यांवरील तारखा पाहाव्यात. चूर्णाची मुदत नियमाने दोन वर्षांची, तर आसव-अरिष्टांची दहा वर्षांची. त्यामुळे आरंभीच्या चार लाखांत चूर्णेच अधिक असतील, तर धोका वेगळ्या जातीचा असतो.

आता बचतीकडे वळू. अठरा महिन्यांनी दुकान बंद करण्याची वेळ आली असे कल्पून पाहावे. शुल्क गेले. फर्निचरचे पन्नास हजार आले तरी पुष्कळ. अनामतीचा एक लाख मिळेल, आणि मालाचे, करारात परतीचे कलम असल्यास, अडीच लाख धरू. दहातून चार लाख परत. सहा लाखांची तूट. एकूण बचत पंधरा लाख असेल, तर तिचा चाळीस टक्के भाग गेला. बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, दुकानातील भांडवलाला नसते. त्यात एकलहऱ्यातील ग्राहकवर्ग बहुतांशी एकाच केंद्रावर अवलंबून. तेथील जुने संच बंद होऊन आता 210 मेगावॅटचे तीन संच राहिले आहेत. त्यांपैकी एखादा निवृत्त झाल्यास वसाहतीतील कुटुंबे घटतील, पण गाळ्याचा करार घटणार नाही.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सारे 1872 च्या करार कायद्यावर व सही केलेल्या कागदावर अवलंबून. तेव्हा तोंडी आश्वासनांना किंमत नाही. सहा महिन्यांहून अधिक मुदत शिल्लक असलेला माल किती टक्क्यांनी, किती दिवसांत आणि कोणाच्या वाहतूकखर्चाने परत घेणार, हे कंपनीकडून लेखी मागावे. तसेच त्याच गावात दुसरी शाखा न देण्याची हमी आणि गाळ्याच्या करारात सहा महिन्यांच्या सूचनेवर बाहेर पडण्याची मुभा मिळते का, हे पाहावे. पहिल्या कलमास नकार आला, तर आरंभीचा माल चारऐवजी दीड लाखाचा घेण्याची तयारी कळवावी. तिलाही नकार मिळाल्यास अनामत देऊ नये.